चौतीस स्लाइड्स आणि दहा मिनिटं: एका एम.एस्सी. डिफेन्सच्या सुरुवातीची तयारी

हे प्रकरण माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं आहे. पदवीला ती माझ्याकडे होती, पुढे तिने दुसऱ्या कॉलेजातून पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. बाय रिसर्च केलं. तिच्या परवानगीने लिहिते आहे. तिचं, कॉलेजचं आणि तिने अभ्यासलेल्या तलावाचं नाव दिलेलं नाही, आकडे थोडे गोल केले आहेत. मी स्वतः एक्स्टर्नल म्हणून वाइव्हाला जाते, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं तेही मधूनमधून येईल.

पार्श्वभूमी

ती कळव्याला राहते आणि रबाळ्याच्या एमआयडीसीत पाण्याचे नमुने तपासणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरी करते. सकाळी कळव्याहून ठाणे, तिथून ट्रान्सहार्बरने रबाळे, आणि संध्याकाळी उलट. थिसिस तिने नोकरी सांभाळून पूर्ण केला. विषय होता ठाण्यातल्या एका तलावातला विरघळलेला प्राणवायू, म्हणजे लॅबच्या भाषेत डीओ, आणि तो दिवसभरात कसा बदलतो.

विषय साधा वाटतो, पण त्यात एक गंमत आहे आणि पुढचं सगळं त्या गंमतीवरच उभं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. शेवाळ वाढलेल्या तलावात दिवसा प्रकाशसंश्लेषण चालतं, त्यामुळे पाण्यातला प्राणवायू वाढत जातो आणि दुपारी तीन-चारच्या सुमारास सर्वांत जास्त असतो. सूर्य मावळला की तयार होणं थांबतं, पण श्वसन थांबत नाही. शेवाळ, जिवाणू, मासे रात्रभर प्राणवायू वापरत राहतात. म्हणून पहाटे, उजाडायच्या आधी, तो सर्वांत कमी असतो. तलावात मासे मेलेले सापडतात ते बहुतेकदा सकाळीच, त्याचं एक कारण हे. आता नमुने घेणारा माणूस तलावावर कधी पोचतो? ऑफिस उघडल्यावर, बाटल्या-रसायनं गोळा करून, ट्रॅफिकमधून वाट काढत, दहा-अकराला. तोवर पाणी सावरलेलं असतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात मासे आणि वन्यजीवांसाठीच्या 'ड' वर्गाला किमान 4 मिलिग्रॅम प्रति लिटर डीओ लागतो. तिच्या मोजणीत अकराच्या नमुन्यांत तो साडेपाचच्या आसपास आला, पहाटे पाचच्या नमुन्यांत तीनच्याही खाली. तलाव तोच, दिवसही तोच.

थिसिस जमा झाला होता आणि डिफेन्स पुढच्या महिन्यात होईल असं सांगितलं होतं. एका बुधवारी संध्याकाळी विभागातून फोन आला की एक्स्टर्नलना पुढच्या महिन्यात वेळ नाही, या शनिवारी सकाळी या. पहिली दहा मिनिटं न थांबवता तिने कामाची ओळख करून द्यायची, त्यानंतर अर्धा-पाऊण तास प्रश्न. गुरुवार-शुक्रवार सुट्टी मिळणार नव्हती, कारण लॅबमध्ये ऑडिट होतं.

अडचण

गुरुवारी रात्री ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या लॅपटॉपवर चौतीस स्लाइड्स होत्या आणि फोनमध्ये तिनेच केलेलं एक रेकॉर्डिंग. "मॅडम, ऐकू नका, खूप वाईट झालंय," म्हणत तिने ते लावलं.

रेकॉर्डिंग ऐकताना दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली अपेक्षित होती: दहा मिनिटं संपली तेव्हा ती बाराव्या स्लाइडवर होती आणि अजून साहित्य-आढावाच चालू होता. तिने लिहून काढलेलं भाषण दोन हजारांच्या वर शब्दांचं होतं. शांतपणे इंग्रजीत बोलणारा माणूस मिनिटाला साधारण एकशे वीस शब्द बोलतो, म्हणजे दहा मिनिटांत फार तर बाराशे. प्यायला पाणी, स्लाइड बदलणं, श्वास घेणं धरलं तर हजार-अकराशे. हे गणित घाबरलेल्या माणसाला सुचत नाही. तो घड्याळाला हरवायला निघतो आणि वेग वाढवतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती. ती सगळीकडे सारखी अडखळत नव्हती. नाव, विषय, गाईडचं नाव हे धडाधड गेलं. मग आलं हे वाक्य: "द प्रेझेंट स्टडी वॉज अंडरटेकन विथ अ व्ह्यू टू असेस द डाययर्नल व्हेरिएशन इन डिझॉल्व्ड ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेशन..." आणि इथे तिचा श्वास संपला. रेकॉर्डिंगमध्ये ती थांबते, पुन्हा पहिल्यापासून वाक्य सुरू करते, पुन्हा त्याच जागी अडकते, आणि मग "सॉरी" म्हणते. तिथून पुढे आवाज बसलेला.

ते वाक्य थिसिसच्या पहिल्या प्रकरणातून जसंच्या तसं उचललेलं होतं. कागदावर ते चालतं, कारण डोळा मागे जाऊन वाचू शकतो. तोंडाने म्हणताना क्रियापदाचा अर्थ कळायच्या आत फुप्फुसं रिकामी होतात. तिला वाटत होतं की आपण घाबरतो म्हणून अडखळतो. रेकॉर्डिंग पुन्हा लावलं तर दिसलं की ती जिथे जिथे अडखळली ती सगळी वाक्यं थिसिसमधली होती. जिथे स्वतःचं बोलली, उदाहरणार्थ पहाटे तलावाचं गेट उघडायला वॉचमनला कसं पटवलं ते, तिथे ती नीट बोलली होती. दुर्दैवाने तो भाग डिफेन्समध्ये सांगण्यासारखा नव्हता.

थोडक्यात, घबराट होतीच, पण ती कमी करायला आमच्याकडे दोन रात्री होत्या आणि दोन रात्रींत कुणाची घबराट जात नाही. वाक्यं मात्र दोन रात्रींत बदलता येतात.

समोर असलेले पर्याय

तिच्या मनात पहिला पर्याय होता पाठांतराचा. भाषण छोटं करायचं आणि शब्द न् शब्द पाठ करायचं. शाळेत वक्तृत्व स्पर्धांना ती तसंच करायची. पाठांतराचा धोका असा की एक शब्द निसटला की पुढची साखळी हाताला लागत नाही, आणि डिफेन्समध्ये मध्येच कुणी बोललं तर तुम्ही कुठे होतात तेच आठवत नाही. शिवाय दोन रात्री आणि ऑडिटचे दोन दिवस यांत हजार शब्द पाठ होतील पण पिकणार नाहीत.

दुसरा पर्याय मुद्दे लिहून त्यावरून बोलायचा. अनुभवी माणसाला हे उत्तम. घाबरलेल्या माणसाचं पहिल्या दीड मिनिटात डोकं इतकं रिकामं होतं की मुद्दा समोर दिसतो आणि वाक्य तयार होत नाही. मी पॅनेलवर असताना हे अनेकदा पाहिलं आहे: मुलगा स्लाइडकडे वळतो, आणि तिथे लिहिलेलं वाचायला लागतो. मग शेवटपर्यंत आपल्याला त्याची पाठच दिसते.

तिसरा पर्याय मिश्र होता आणि शेवटी तोच घेतला. भीतीचा जोर पहिल्या मिनिट-दीड मिनिटात सर्वांत जास्त असतो, नंतर बहुतेकांचा उतरत जातो. तेव्हा सुरुवातीची सहा-सात वाक्यं पूर्ण पाठ, प्रत्येक स्लाइडचं फक्त पहिलं वाक्य पाठ, आणि शेवटचं एक वाक्य पाठ. मधलं सगळं आपल्या शब्दांत, चुकलं तरी चालेल असं.

दुसरा निर्णय क्रमाचा होता आणि त्यावर खरी चर्चा झाली. माझं म्हणणं होतं की निष्कर्ष पहिल्याच अर्ध्या मिनिटात सांगून टाकावा. दिवसभरात चार-पाच वाइव्हा घेणाऱ्या माणसाला सातव्या मिनिटापर्यंत रहस्यकथा नको असते, आणि घाबरलेल्या मुलीकडे तो निष्कर्ष सांगण्याइतका आवाज सातव्या मिनिटाला उरेलच असं नाही. तिने गाईडना फोन केला. सर म्हणाले, "विभागाचा ठरलेला साचा आहे. प्रस्तावना, आढावा, उद्दिष्टं, पद्धत, निष्कर्ष. तो मोडलास तर पहिला आक्षेप त्यावरच येईल." त्यांचंही बरोबर होतं. साचा मोडून होणारा वाद तिला परवडणार नव्हता. शेवटी ठरलं की स्लाइड्सचा क्रम साच्याप्रमाणेच, पण पहिल्या स्लाइडवर असताना तोंडाने निष्कर्ष एका वाक्यात सांगायचा. सरांना हे मान्य झालं.

तिसरा प्रश्न वेळ कुठे घालायचा याचा. तिला शुक्रवारी रात्र जागून सगळा थिसिस पुन्हा वाचायचा होता. मी म्हटलं, फक्त चौथ्या प्रकरणातली कोष्टकं बघ, प्रश्न तिथलेच येतील. यावर ती फारशी खूश नव्हती.

पहिलं वाक्य कुठून आलं

लॅपटॉप बंद करायला सांगितला आणि चहा टाकला. मग विचारलं, "आता मला मराठीत सांग, तुला काय सापडलं? तुझ्या आईला सांगतेस तसं."

ती म्हणाली, "काही नाही हो मॅडम, आपण अकराला जातो म्हणून तलाव पास होतो. पहाटे पाचला गेलं की तोच तलाव नापास."

यापेक्षा चांगली सुरुवात मला सुचली नसती. डिफेन्स इंग्रजीत होता, म्हणून तेच वाक्य तिने इंग्रजीत केलं: "अ‍ॅट इलेव्हन इन द मॉर्निंग, धिस लेक पासेस. अ‍ॅट फाइव्ह, इट फेल्स." दोन वाक्यं, एकही अवघड शब्द नाही, एका श्वासात दोन्ही बसतात. त्यानंतरचं वाक्य: "माय थिसिस मेझर्स धिस डिफरन्स अँड आस्क्स व्हाय वी मिस इट."

बाकीची वाक्यंही अशीच केली. आधी मराठीत, तिच्या तोंडातून जसं येईल तसं. मग त्याचं सोपं इंग्रजी. 'डाययर्नल व्हेरिएशन' हे शब्द स्लाइडच्या मथळ्यात राहिले, तोंडात "चेंज ओव्हर द डे" आलं. एक्स्टर्नलला पारिभाषिक शब्द डोळ्यांनी दिसतोच, तो उच्चारायचा ताण तिच्या जिभेवर नको. तिला भीती होती की इतकं सोपं बोललं तर अभ्यास उथळ वाटेल. तसं होत नाही. सोप्या वाक्यामागे काम आहे की नाही हे दुसऱ्याच प्रश्नाला कळतं.

चौतीसच्या नऊ

स्लाइड्स कमी करताना तिचा जीव प्रत्येकीत अडकला होता, म्हणून काहीच फेकलं नाही. नऊ स्लाइड्स पुढे ठेवल्या आणि उरलेल्या सगळ्या 'थँक यू'च्या मागे नेल्या. प्रश्न आला तर त्या तिथे आहेत. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की थेट तिथे जाता येतं, हे तिला माहीत नव्हतं. बऱ्याच जणांना नसतं, आणि मग ते सगळ्यांसमोर वीस स्लाइड्स मागे-पुढे करत बसतात. तिने मागच्या स्लाइड्सपैकी लागतील अशा पाच-सहांचे क्रमांक एका कार्डावर लिहिले: कॅलिब्रेशन, महिनावार कोष्टक, तापमान वगैरे.

साहित्य-आढाव्याच्या अकरा स्लाइड्सची एक झाली. तिच्यावर तीनच ओळी: इतरांनी काय मोजलं, कधी मोजलं, आणि पहाटे कुणी मोजलं नाही ती जागा. आढाव्यात 'कधी' हा रकाना हवाच होता. आधीच्या अकरा स्लाइड्समध्ये तो नव्हता.

सगळ्यांत जास्त वेळ मात्र आलेखावर गेला, आणि तो द्यायलाच हवा होता. मूळ आलेखात पाच महिने, चार जागा आणि तीन वेळा एकत्र होत्या, म्हणजे बारा रंगीत रेषा आणि खाली एवढीशी रंगसूची. तो समजावायला दीड मिनिट लागायचं आणि त्यातलं एक मिनिट "हा निळा म्हणजे" यात. नव्या स्लाइडवर एकाच जागेची एकाच दिवसाची तीन मोजमापं ठेवली: पहाटे पाच, सकाळी अकरा, दुपारी चार. त्यावर 4 मिलिग्रॅमची एक लाल आडवी रेघ. पहाटेचा ठिपका रेघेखाली, बाकीचे दोन वर. बारा रेषांचा आलेख मागे गेला, क्रमांक कार्डावर.

लेझर पॉइंटर आणू नकोस, असंही सांगितलं. हात थरथरत असेल तर पडद्यावर तो लाल ठिपका फूटभर नाचतो. मग सगळे तोच बघतात, आणि ती स्वतःही. जे दाखवायचं त्याभोवती स्लाइडवरच वर्तुळ काढून ठेवलं. तसंच हातात साधा कागद धरला तर तो फडफडतो. तिच्या घरी पडून असलेल्या एका लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा कापून त्याच्या कोऱ्या बाजूवर कार्ड बनवलं. त्यावर नऊ स्लाइड्सची नऊ पहिली वाक्यं ठळक अक्षरांत, आणि कोपऱ्यात ते क्रमांक.

सराव

शुक्रवारी सराव झाला तो तुकड्यातुकड्यांत. पहिली सात वाक्यं ट्रान्सहार्बरच्या लेडीज डब्यात, ओठांतल्या ओठांत. दुपारी जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या गच्चीवर उभ्याने, फोनवर वेळ लावून. उभ्याने हे महत्त्वाचं, कारण बसून म्हटलेलं भाषण उभं राहिल्यावर श्वासाला लांब पडतं. पहिल्या फेरीत साडेअकरा मिनिटं लागली. तिने वेग वाढवायचा विचार केला, मी फोनवर सांगितलं की पद्धतीच्या स्लाइडवरचं रसायनांचं वर्णन काढ. विंकलर पद्धत, अझाइड सुधारणा, 300 मिलिलिटरच्या बीओडी बाटल्या, नमुना तलावावरच स्थिर केला, एवढं पुरे. मँगनीज सल्फेट किती मिलि घातलं हे ज्याला हवं तो विचारेल, आणि तिला ते झोपेतही सांगता येतं, रोजचं काम आहे.

संध्याकाळी घरी धाकट्या भावाला समोर बसवलं. त्याला काम एकच: वाटेल तिथे मध्ये बोलायचं. तो अकरावीत आहे, त्याने मन लावून केलं. "म्हणजे काय?", "हे कशावरून?", "ताई, पंखा लावू?" तिने दर वेळी उत्तर द्यायचं आणि मग कार्डावरचं त्या स्लाइडचं पहिलं वाक्य पुन्हा म्हणून धागा पकडायचा. पाठ केलेल्या पहिल्या वाक्यांचा खरा उपयोग हा होता. ती नुसती स्लाइड उघडायला नव्हती, वाट चुकली तर परत यायच्या जागा होत्या.

अकरा वाजता तिने लॅपटॉप मिटला. थिसिस पुन्हा वाचला नाही, चौथ्या प्रकरणातली कोष्टकं मात्र दोनदा बघितली.

शनिवारी काय झालं

पीपीटीबरोबर पीडीएफही पेनड्राइव्हवर ठेवली होती. ती लागली, कारण विभागातल्या संगणकावर जुनं ऑफिस होतं आणि अक्षरं स्लाइडबाहेर जात होती. पीडीएफमध्ये क्रमांक टाइप करून एंटरची युक्ती चालत नाही, हे तिथे उभं राहिल्यावर कळलं. तिने पान क्रमांकाच्या चौकटीत आकडा टाकून काम भागवलं, पण त्यासाठी दर वेळी पूर्ण पडद्यातून बाहेर यावं लागलं.

आधीच्या मुलाचा डिफेन्स लांबला होता. अध्यक्ष म्हणाले, "जरा आटोपतं घ्या, सात-आठ मिनिटांत." अशा वेळी काय गाळायचं हे अर्धवटच ठरलेलं होतं. आढाव्याची स्लाइड गाळायची असं आम्ही बोललो होतो, ती तिने गाळली. बाकीचं वेळेवर सोडलं.

सुरुवात ठरल्याप्रमाणे गेली. "अ‍ॅट इलेव्हन धिस लेक पासेस" म्हणताच, ती सांगते, एक्स्टर्नलनी थिसिसमधून मान वर केली. विषयाचं नाव तिने वाचलं नाही, ते पडद्यावर होतंच. पद्धतीपर्यंत आवाज स्थिर झाला होता.

न थांबवता बोलू देण्याचा नियम आलेखावर मोडला. दुपारचा ठिपका नऊच्या वर होता. एक्स्टर्नल म्हणाले, "तीस अंशाला पाण्यात साडेसातच्या आसपास प्राणवायू मावतो. तुमचा नऊच्या वर कसा? टायट्रेशन चुकलं नाही ना?"

हा प्रश्न जरा समजून घेण्यासारखा आहे. त्यांना उत्तर माहीत होतं. शेवाळ भरपूर असलं आणि ऊन असलं की प्राणवायू हवेत निसटतो त्यापेक्षा वेगाने तयार होतो, आणि पाणी काही तास अतिसंपृक्त राहतं. साडेसात हा आकडा हवेशी समतोल साधलेल्या पाण्याचा. त्यांना बघायचं होतं की हे मुलीला माहीत आहे, की यंत्रासारखं मोजून लिहिलं आहे. तिने नेमकं हेच सांगितलं. शिवाय प्रत्येक नमुन्याच्या दोन बाटल्या घेतल्या होत्या आणि दोन्हींची मोजमापं जवळजवळ सारखी होती हे कोष्टकातून दाखवलं. मग कार्डाकडे एक नजर, आणि "द रेड लाइन इज द लिमिट फॉर फिश" हे आलेखाच्या स्लाइडचं पहिलं वाक्य पुन्हा म्हणून पुढे गेली. "पंखा लावू?"चा सराव कामी आला, असं तिने नंतर मेसेज केला.

यात साधारण दोन मिनिटं गेली आणि अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. तिने शेवटच्या दोन स्लाइड्सपैकी एक घेतली, निष्कर्षाची, आणि पाठ केलेल्या वाक्याने थांबली. गाळली ती मर्यादांची स्लाइड.

परिणाम

प्रश्नांच्या फेरीत पहिलाच प्रश्न मर्यादांचा आला. फक्त जानेवारी ते मे, पावसाळा नाही. सगळे नमुने पृष्ठभागाजवळचे, खोलीवरचे नाहीत. हे तिने थिसिसमध्ये प्रामाणिकपणे लिहिलं होतं, स्लाइडही होती. पण बोलण्यात आलं नाही, त्यामुळे विचारणाऱ्याचा सूर "हे तुम्ही का सांगितलं नाहीत" असा झाला. ती पुन्हा वेगाने बोलू लागली, एका उत्तरात दोनदा "सॉरी" आलं. गाईडनी "स्लाइड आहे, दाखव" म्हणून तिला सावरलं.

किरकोळ दुरुस्त्यांसह थिसिस मान्य झाला. दुरुस्त्या दोन: मर्यादांचा परिच्छेद शेवटच्या प्रकरणातून पद्धतीच्या प्रकरणात आणा, आणि अतिसंपृक्ततेचं स्पष्टीकरण चर्चेत वाढवा. तीन ठिपक्यांचा सोपा आलेखही थिसिसमध्ये घालावा असं एक्स्टर्नलनी सुचवलं, ते सक्तीचं नव्हतं. तिने घातला.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी गोष्ट मर्यादांच्या जागेची. जे शेवटी असतं ते वेळ कमी पडली की आपोआप जातं. कुणी मुद्दाम गाळत नाही, घड्याळ गाळतं. मर्यादांना वेगळी स्लाइड देण्याऐवजी पद्धतीच्या स्लाइडवरच एक ओळ पुरली असती: "पृष्ठभागाचे नमुने, जानेवारी ते मे." पाच सेकंदांचं काम. मग तो प्रश्न आला असता तरी आरोपाच्या सुरात आला नसता. मी आता ज्यांना मदत करते त्यांची मर्यादांची वेगळी स्लाइड काढूनच टाकते. साच्यात ती सक्तीची असेल तर राहू देते, पण सांगायचं ते पद्धतीतच.

दुसरं, वेळ कापली जाण्याचा क्रम आधी लिहून ठेवायला हवा होता. दहाची सात मिनिटं झाली तर कोणती स्लाइड जाईल, पाच झाली तर कोणत्या, हे कार्डावरच. एक्स्टर्नलना ट्रेन पकडायची असते, आधीचा डिफेन्स लांबतो, वीज जाते, हे नेहमीचं आहे. या प्रकरणात गाळायला योग्य होती ती नमुन्यांच्या जागांची स्लाइड, कारण आलेखात एकच जागा दाखवली होती.

थिसिस रात्री पुन्हा वाचायला मी नको म्हटलं होतं, त्यावर तिचं मत अजून वेगळं आहे. वाचला असता तर मर्यादांचा परिच्छेद डोळ्यांखालून गेला असता आणि तो बोलण्यात आला असता, असं ती म्हणते. मला तसं वाटत नाही, कारण तिला तो माहीत होताच. पण कमी झोपूनही नीट बोलणारी माणसं असतात, आणि ती कदाचित त्यातली असेल.

स्लाइडवरची अक्षरं पीडीएफमध्ये नीट होती, पण आलेखाच्या अक्षांवरचे आकडे मागच्या रांगेतून दिसत नव्हते असं एका वर्गमैत्रिणीने सांगितलं. लॅपटॉपवर काम करताना हे कळत नाही. लॅपटॉप टेबलावर ठेवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघितलं असतं तर कळलं असतं.

आणि पीडीएफचा मुद्दा. पीडीएफ ठेवणं बरोबरच होतं, पण सराव सगळा पॉवरपॉइंटवर झाला. एक फेरी पीडीएफवर, तीही दुसऱ्या कुणाच्या संगणकावर, करायला दहा मिनिटं लागली असती. आता विभागात एक दिवस आधी जाऊन प्रोजेक्टर आणि संगणक बघून येता येतो का हे ती तिच्या ज्युनियर मुलींना विचारायला सांगते. नोकरी करणाऱ्यांना ते जमत नाही. त्यांनी निदान विभागाच्या लॅब असिस्टंटला फोन करून संगणकावर कोणतं ऑफिस आहे आणि केबल कोणती लागते, एवढं विचारावं.